आलेख सरळ येतो, तरी g कमी का? साधा दोलक, L–T² रेषा आणि चढाची अनिश्चितता

साध्या दोलकावरून गुरुत्वीय त्वरण g काढायच्या प्रात्यक्षिकांच्या दिवसांत ही तक्रार हमखास येते. "सर, वीस आंदोलनं नीट मोजली, तीन-तीन वेळा मोजली, बिंदूही एका रेषेत आले, तरी g 9.5 च येतोय." वही पाहिली की सगळं खरंच नीटनेटकं असतं. वाचनं चांगली, गणितं बरोबर. तरी उत्तर अडीच-तीन टक्क्यांनी कमी, आणि तेही दर वेळी कमीच, जास्त कधी नाही.

चूक एकाच बाजूला पडते, यातच निदानाचा पहिला धागा आहे. हात थरथरणं, स्टॉपवॉच उशिरा दाबलं जाणं यांनी उत्तर कधी वर जातं, कधी खाली. सतत खालीच जात असेल तर वाचनांत काहीतरी ठरावीक मिसळलेलं असतं. ते शोधण्यासाठीच आपण सूत्राचं सरळ रेषेत रूपांतर करतो. दुर्दैवाने बहुतेक वह्यांमध्ये आलेख काढला जातो आणि त्याच्याकडून जे विचारून घ्यायचं ते विचारलंच जात नाही.

एका गटाची वाचनं घेऊन बोलतो. लांबी L मीटरमध्ये, वेळ सेकंदात; T म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ. 20T हे तीन वाचनांचं मध्य मूल्य आहे आणि त्यात ±0.1 s अनिश्चितता धरली आहे, कारण तीन वाचनांमधला फरक साधारण 0.2 s होता.

| L | 20T | T | T² |
|---|---|---|---|
| 0.400 | 26.02 | 1.301 | 1.693 |
| 0.550 | 30.20 | 1.510 | 2.280 |
| 0.700 | 34.10 | 1.705 | 2.907 |
| 0.850 | 37.38 | 1.869 | 3.493 |
| 1.000 | 40.58 | 2.029 | 4.117 |

या मुलांनी प्रत्येक ओळीतून g = 4π²L/T² काढला: 9.33, 9.52, 9.51, 9.61, 9.59. सरासरी 9.51. विखुरणीवरून त्यांनी ±0.05 लिहिलं. महाराष्ट्रात g साधारण 9.78 ते 9.79 m/s² च्या आसपास असतो. म्हणजे उत्तर खऱ्या किमतीपासून त्यांनी स्वतः सांगितलेल्या अनिश्चिततेच्या पाचपट दूर आहे. अनिश्चितता इतकी छोटी आणि चूक इतकी मोठी, असं दिसलं की सरासरी काढून काही हाती लागणार नाही हे ओळखावं.

त्या पाच आकड्यांकडे क्रमाने पाहा. आखूड दोलकाला g सर्वांत कमी आणि लांबी वाढेल तसा तो वर सरकतो, मध्ये थोडा मागेपुढे होतो तेवढंच. g लांबीवर अवलंबून नसतो. तेव्हा लांबीच्या आकड्यातच काहीतरी कमी पडतंय, आणि ते कमी पडणं ठरावीक आहे: 40 सेंटिमीटरला ते जास्त बोचतं, 100 सेंटिमीटरला कमी.

मोजपट्टी कुठे टेकवली?

विचारल्यावर कळलं की मुलांनी चिरलेल्या बुचापासून गोळ्याच्या आकड्यापर्यंत, म्हणजे जिथे धाग्याची गाठ आहे तिथपर्यंत, लांबी मोजली होती. सूत्रातली L मात्र टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची असते. आकड्याची उंची आणि गोळ्याची त्रिज्या दोन्ही राहून गेल्या.

राहिलेल्या लांबीला e म्हणू. मग खरं सूत्र असं होतं:

```
T² = (4π²/g)·(L + e)
T² = m·L + c,   m = 4π²/g,   c = m·e
```

सगळी गंमत या दुसऱ्या ओळीत आहे. लांबीतली ठरावीक चूक चढात शिरतच नाही. ती पूर्णपणे आंतरछेदात जाऊन बसते. e माहीत नसला तरी m शुद्ध मिळतो, आणि m वरून g. शिवाय c/m काढलं की आपण किती लांबी विसरलो होतो तेही रेषाच सांगते.

हे साधतं ते T² विरुद्ध L काढल्यामुळे. सरळ रेषा मिळवायला T विरुद्ध √L सुद्धा चालेल असं पुष्कळांना वाटतं, आणि e शून्य असेल तर चालतंही. पण e असेल तर √(L + e) मधून e सुटा निघत नाही. रेषा किंचित वाकते आणि तो बाक डोळ्यांना दिसतही नाही. लॉग-लॉग आलेखाचंही तेच. वरच्या वाचनांतून log T विरुद्ध log L काढा, टोकाच्या दोन बिंदूंवरून चढ 0.485 येईल, 0.5 नाही. काहीतरी बिघडलंय एवढं त्यावरून कळतं. काय बिघडलंय ते कळत नाही. म्हणून चल निवडताना "रेषा सरळ येईल का" एवढंच न विचारता "मला शंका असलेली ठरावीक चूक आंतरछेदात सुटी पडेल का" हेही विचारावं.

ही युक्ती जुनी आणि मातब्बर आहे. 1820 च्या दशकात बेसेलने क्योनिग्सबर्गला g मोजताना दोन वेगवेगळ्या लांबीचे दोलक घेतले होते. त्यांच्या लांबीतला फरक फार काटेकोरपणे माहीत होता, आणि टांगण्याचा बिंदू नेमका कुठे आहे या प्रश्नाचा उपद्रव फरक घेताना कटून गेला. आपला चढ म्हणजे फरकांचंच गुणोत्तर. पाच बिंदू घेऊन आपण तेच करतो.

मग आलेख काढूनही 9.5 च का आला?

कारण रेषा बळेच आरंभबिंदूतून नेली. दुसऱ्या गटाने आलेख काढला होता, पण "लांबी शून्य तर दोलनकाल शून्य" असं म्हणून (0, 0) हा सहावा बिंदू धरला आणि पट्टी तिथे टेकवली. याच वाचनांची शून्यातून जाणारी उत्तम रेषा काढली तर चढ 4.13 s²/m येतो आणि g = 9.56. चूक तशीच राहिली, फक्त आलेखाच्या कागदावर गेली.

लांबी शून्य तर दोलनकाल शून्य, हे खऱ्या L बद्दल बरोबर आहे. आपल्या आडव्या अक्षावर मात्र धाग्याची लांबी आहे. धागा शून्य केला तरी गोळ्याचं केंद्र टांगणीच्या खालीच राहील. शून्य हा आपण मोजलेला बिंदू नाही, तेव्हा त्याला मताधिकार देऊ नये. स्प्रेडशीटमध्ये ट्रेंडलाइनला आंतरछेद शून्य करण्याची खूण असते. तीही काढून टाकावी.

रेषा मोकळी सोडली की ती अशी येते. मोठा त्रिकोण घ्या. त्रिकोणाचे कोपरे रेषेवरचे असावेत, मोजलेले बिंदू नकोत. मोजलेला बिंदू घेतला तर त्या एका वाचनाची चूक सगळ्या चढावर बसते. L = 0.35 ला रेषेवर 1.48, L = 1.05 ला 4.31. चढ = 2.83/0.70 = 4.04 s²/m. म्हणून g = 39.48/4.04 = 9.77 m/s².

आंतरछेद वाचताना एक सावधगिरी. आडवा अक्ष 0.3 पासून सुरू केला असेल तर रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो c नव्हे. ही चूक मी हुशार मुलांच्या वह्यांतही पाहिली आहे. c हिशोबाने काढावा: 4.31 − 4.04 × 1.05 = 0.07 s². मग e = 0.07/4.04 = 0.017 m, म्हणजे 1.7 सेंटिमीटर. व्हर्नियरने गोळ्याचा व्यास मोजला, 25 मिलिमीटर. आकड्याची उंची 5 मिलिमीटर. 12.5 + 5 = 17.5 मिलिमीटर. रेषेने जे सांगितलं ते व्हर्नियरने मान्य केलं. आता प्रत्येक लांबीत 0.0175 मिळवून पुन्हा आलेख काढा: चढ तोच राहील, रेषा उजवीकडे सरकेल आणि शून्याजवळून जाईल.

c ऋण आला असता तर लांबी जास्त मोजली गेली असती. गोळ्याच्या तळापर्यंत पट्टी नेली की असं होतं. या गोळ्याला c सुमारे −0.05 s² आला असता.

चढाची अनिश्चितता

आता 9.77 पुढे काय लिहायचं? इथे दोन ठिकाणी घसरायला होतं.

पहिलं ठिकाण एरर बार. 20T मध्ये ±0.1 s, म्हणून T मध्ये ±0.005 s. T² मध्ये किती? पुष्कळ जण 0.005 चा वर्ग करून 0.000025 लिहितात. एवढा बार कागदावर दिसतच नाही, मग "बार नगण्य आहेत" असं एक वाक्य लिहून पुढे जातात. बरोबर उत्तर 2T·ΔT आहे: T ची सापेक्ष अनिश्चितता वर्ग केल्यावर दुप्पट होते. इथे 2 × 0.005 = 0.01, म्हणून बार सरळ 0.01 × T येतो: पहिल्या बिंदूला ±0.013, मग 0.015, 0.017, 0.019, आणि शेवटच्याला ±0.020 s². T मधली अनिश्चितता सगळीकडे सारखी असली तरी T² मध्ये ती वरच्या टोकाला मोठी होते. प्रत्येक बिंदूला वेगळा बार काढावा.

दुसरं ठिकाण सर्वांत चढी आणि सर्वांत सपाट रेषा काढताना. पहिल्या बाराच्या खालच्या टोकापासून शेवटच्या बाराच्या वरच्या टोकापर्यंत रेषा ओढायची, आणि उलट दुसरी, असं सांगितलं जातं. करून पाहू. चढी रेषा: (4.137 − 1.680)/0.600 = 4.095. पण ही रेषा L = 0.850 ला 3.523 वर जाते आणि तिथला बार 3.512 लाच संपतो. म्हणजे ही रेषा आपल्याच वाचनाला नाकारते. सपाट रेषा 3.985 ची येते; तीही L = 0.550 ला बाराच्या वरून निघून जाते.

सगळ्या बारांना स्पर्श करत जाणारी सर्वांत चढी रेषा 0.400 च्या खालच्या टोकातून आणि 0.850 च्या वरच्या टोकातून जाते: (3.512 − 1.680)/0.450 = 4.071. सर्वांत सपाट रेषा 0.550 च्या वरच्या टोकातून आणि 1.000 च्या खालच्या टोकातून: (4.097 − 2.295)/0.450 = 4.004. फरकाचा अर्धा 0.034. म्हणून m = 4.04 ± 0.03. टोक ते टोक रेषांनी हीच अनिश्चितता 0.055 सांगितली असती.

इथे एक खरी अडचण आहे. साध्या ग्राफ पेपरवर 1 सेंटिमीटरला 0.2 s² असं प्रमाण घेतलं तर 0.02 चा बार एक मिलिमीटर होतो. पेन्सिलीची रेघच त्याच्या निम्मी. 4.07 आणि 4.00 या दोन रेषा तिथे हाताने वेगळ्या काढणं जवळपास अशक्य. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेला उपाय म्हणजे T² ऐवजी T² − 4L चा आलेख काढणं. 4 हा अंदाजे चढ, सोयीसाठी घेतलेला. पाच किमती येतात 0.093, 0.080, 0.107, 0.093, 0.117. आता उभ्या अक्षावर 1 सेंटिमीटरला 0.01 s² असं प्रमाण घेता येतं आणि बार दीड-दोन सेंटिमीटरचे होतात. बार तेच राहतात, कारण 4L वजा केल्याने T² ची अनिश्चितता बदलत नाही (पट्टीच्या 1 मिलिमीटरची अनिश्चितता इथे 0.004 s² एवढीच, म्हणून सोडून दिली आहे). पारदर्शक पट्टी फिरवून दोन्ही टोकाच्या रेषा आरामात सापडतात: चढ 0.071 आणि 0.004. दोन्हींत 4 मिळवा, झालं. बिंदू रेषेभोवती एकदा वर एकदा खाली आहेत की एखाद्या बाकात आहेत, हेही याच आलेखावर दिसतं. मोठ्या आलेखावर ते लपून राहतं.

त्याच दोन टोकाच्या रेषांवरून c ही काढून घ्यावा: 0.052 आणि 0.093. म्हणजे c = 0.07 ± 0.02, आणि शून्य या पट्ट्यात बसत नाही. "आंतरछेद जवळपास शून्य आहे" असं डोळ्यांनी ठरवू नये ते यासाठीच. 4 s² पर्यंत जाणाऱ्या अक्षावर 0.07 खरंच शून्यासारखा दिसतो, पण त्याची स्वतःची अनिश्चितता 0.02 आहे. शून्याशी तुलना करायची ती त्या 0.02 च्या मापाने. बारांच्या आत रेषा हवी तशी फिरवली तरी ती शून्यातून जात नाही, म्हणजे e खरा आहे.

g चा हिशोब आता सोपा. g = 4π²/m, एकच भागाकार, त्यामुळे m ची टक्केवारी तीच g ची टक्केवारी. 0.034/4.04 म्हणजे 0.8 टक्के, 9.77 चे 0.8 टक्के म्हणजे 0.08. उत्तर: g = 9.77 ± 0.08 m/s². इथे पुन्हा वर्ग किंवा दुप्पट करायची गरज नाही. T² ची दुप्पट बारांमध्येच होऊन गेली आहे.

स्प्रेडशीटवर करणाऱ्यांसाठी, L जर A स्तंभात आणि T² जर C स्तंभात असेल तर:

```
=LINEST(C2:C6, A2:A6, TRUE, TRUE)
```

पहिल्या ओळीत चढ आणि आंतरछेद, दुसऱ्या ओळीत त्यांच्या प्रमाण त्रुटी. तिसऱ्या जागेचा TRUE महत्त्वाचा. तिथे FALSE झालं की रेषा पुन्हा शून्याला बांधली जाते. या वाचनांना 4.041 ± 0.026 आणि 0.070 ± 0.019 मिळतं. हाताने काढलेल्या 0.034 पेक्षा 0.026 कमी आहे म्हणून गोंधळू नये. LINEST तुमचे बार पाहतच नाही. बिंदू रेषेपासून किती विखुरले त्यावरून तो अंदाज करतो, तोही पाचच बिंदूंवरून. दोन्ही आकडे एकाच घरातले आले की बारांचा अंदाज योग्य होता असं समजावं. LINEST ची त्रुटी हाताच्या तिपटीने मोठी आली तर एखादं वाचन चुकलंय किंवा संबंधच सरळ नाही.

रेषेला न दिसणाऱ्या चुका

आंतरछेदात फक्त लांबीतली ठरावीक बेरीज-वजाबाकी पकडली जाते. प्रत्येक T ला एकाच पटीने बिघडवणारी चूक सरळ चढात जाते, आणि आलेख तरी देखणाच राहतो. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे मोजणी. गोळा मध्यरेषेवरून जाताना स्टॉपवॉच सुरू करून त्याच क्षणी "एक" म्हटलं तर "वीस" म्हणेपर्यंत एकोणीसच आंदोलनं होतात. T पाच टक्क्यांनी कमी, g थेट 10.8 च्या पुढे. सगळे बिंदू रेषेत, आंतरछेदही जवळपास बरोबर, म्हणून आलेखावर कितीही डोळे लावून बसलात तरी हे सापडणार नाही. सुरुवातीला "शून्य" म्हणायचं, एवढाच उपाय. g 10.8 च्या आसपास दिसला की मी आलेख न बघता आधी मोजून दाखवायला सांगतो.

मोठा कोनही असाच वागतो, पण उलट बाजूने. गोळा 30 अंशांना सोडला तर T सुमारे 1.7 टक्क्यांनी वाढतो आणि g साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी येतो. 5 अंशांना हा परिणाम T मध्ये 0.05 टक्के, म्हणजे आपल्या बारांच्या पार आत. इथे एक बारीक गोष्ट: कोन सारखा न ठेवता प्रत्येक लांबीला गोळा 10 सेंटिमीटरच बाजूला ओढला तर आखूड दोलकाचा कोन 14 अंशांच्या आसपास जातो आणि लांबाचा 6 च्या आत राहतो. आखूड टोकाचं T² सुमारे पाऊण टक्क्याने वर जातं, चढ थोडा पडतो आणि आंतरछेद फुगतो. c/m व्हर्नियरच्या मापापेक्षा जास्त आला तर हे तपासावं.

±0.08 कमी करायचं असेल तर मधल्या लांब्यांवर आणखी बिंदू घेऊन फारसा फायदा नाही; चढ ठरतो तो टोकांवर. वीसऐवजी पन्नास आंदोलनं मोजा. स्टॉपवॉचची ±0.1 s तेवढीच राहते, T मध्ये ती 0.005 ऐवजी 0.002 होते आणि सगळे बार अडीच पटीने आखूड होतात. मात्र तेव्हा पट्टीचा 1 मिलिमीटर सोडून देता येणार नाही, कारण त्याचे 0.004 s² आता 0.005 च्या बाराशेजारी उभे राहतात.